सहकारी तीन महिने आजारपणाच्या रजेवर: अकाउंट्सचं काम चौघांत कसं वाटावं?

महापे_लेखा
महापे एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी. अकाउंट्सला पाच जण आणि वर मी. खरेदी आणि पुरवठादारांचं सगळं बघणाऱ्या ताई १ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत आजारपणाच्या रजेवर आहेत. उरलेले चौघं असे: बँकेचं बघणारी, विक्रीची बिलं आणि जीएसटी बघणारा, स्टोअर आणि मालसाठ्याचा हिशेब ठेवणारा, आणि एक वर्षभरापूर्वी लागलेला ज्युनिअर.

ताईंची कामं: महिन्याला साधारण ४२० खरेदी बिलांची नोंद, दर गुरुवारी पुरवठादारांचं पेमेंट, टीडीएस, जीएसटीआर-२बीची जुळवणी, पीएफ आणि ईएसआयचा भरणा, पुरवठादारांची खातेजुळवणी, किरकोळ रोख आणि प्रवासाची बिलं, महिन्याचा देणी अहवाल, आणि दिवसभराचे फोन. वरून सूचना आली आहे की "चौघांत समान वाटून टाका". समान म्हणजे नक्की काय, हेच मला कळत नाही. काय केलं म्हणजे कोणी कोलमडणार नाही?

ऐरोली_ब्रिज
सोपं आहे. नऊ कामं, चार माणसं, प्रत्येकी दोन, आणि एक तुमच्याकडे. पेमेंट दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा करा, तिथेच बराच वेळ वाचेल. खातेजुळवणी तीन महिने बंद ठेवा, कोणी मरत नाही.

हिशेबनीस
ऐरोली, कामं कमी करायची हा मुद्दा बरोबर आहे, वाटायची रीत मात्र चुकते आहे. "टीडीएस" हे एक काम आणि "खरेदी बिलं" हेही एकच काम असं धरलं, तर एकाच्या वाट्याला महिन्याला आठ तास येतील आणि दुसऱ्याच्या अठ्ठेचाळीस.

महापे, आधी प्रत्येक कामाचे तास काढा. अंदाजाने नको, टॅलीतल्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून. बिलांचे दोन ढीग वेगळे धरा. एक सरळ बिलं, म्हणजे परचेस ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल तिन्ही जुळतात. दुसरी अडलेली, ज्यात दर, नग किंवा जीएसटी जुळत नाही. सरळ बिलाला पाच मिनिटं लागतात, अडलेल्याला पंधराच्या खाली काही होत नाही. हे दोन आकडे मिळाले तर पुढचं सांगता येईल. आणि फोन. फोनचे तास कोणीच मोजत नाही, आणि ते ज्याच्या गळ्यात पडतात तो आधी थकतो.

घणसोली_लोकल
त्या ताईंना पगार मिळेल का हा खरा प्रश्न आहे. तीन महिने म्हणजे किती मोठा काळ! कंपनी बिनपगारी करेल आणि इथे आपण तास मोजत बसलोय.

मनुष्यबळ
घणसोली, धागा कामाच्या वाटणीचा आहे, पण थोडक्यात सांगते. त्या ईएसआयमध्ये असतील, म्हणजे पगार महिना २१,००० च्या आत असेल, तर अंशदानाची अट पूर्ण असल्यास आजारपणाचा लाभ साधारण ७० टक्क्यांनी मिळतो, दोन सलग लाभ-कालखंडांत मिळून ९१ दिवसांपर्यंत. त्यावरचा पगार असेल तर कंपनीचे रजेचे नियम आणि शिल्लक रजा. महापेंनी एवढंच बघावं की ताईंचे वैद्यकीय दाखले एचआरकडे वेळेवर पोचताहेत. आणि आजार कोणता हे टीमला सांगू नये. "रजेवर आहेत, सध्याचा अंदाज डिसेंबरअखेर" एवढं पुरतं.

महापे_लेखा
आकडे काढले. ४२० पैकी सुमारे ३४० सरळ आणि ८० अडलेली. म्हणजे २८ आणि २०, मिळून ४८ तास. बाकी: पेमेंट चार वेळा, प्रत्येकी ५, एकूण २०. फोन आणि ईमेल २०. खातेजुळवणी १६. २बी १४. रोख आणि प्रवास १२. अहवाल १०. टीडीएस ८. पीएफ-ईएसआय ६. बेरीज १५४.

चौघांत समान म्हणजे प्रत्येकी साडेअडतीस तास. कागदावर दिवसाला पावणेदोन तास जास्त. एवढं तर चालेल ना?

हिशेबनीस
नाही चालणार. तुमच्या चौघांकडे रोज पावणेदोन तास रिकामे आहेत असं गृहीत धरलंय तुम्ही. एक आठवडा प्रत्येकाला त्याचं स्वतःचं काम अर्ध्या तासाच्या टप्प्यात लिहायला सांगा. चौकशी म्हणून नको, "तुमच्यावर किती टाकता येईल ते ठरवायचंय" असं सांगूनच. जो रिकामा वेळ निघेल त्याचा दोन तृतीयांशच नव्या कामाला धरा. उरलेला तिसरा हिस्सा त्यांच्या स्वतःच्या कामातल्या अडचणींना लागतो. तोही भरलात तर पहिल्या सर्व्हर बंद पडण्यालाच सगळं कोसळतं.

मग १५४ तासांवर या क्रमाने हात चालवा: काय थांबवता येतं, काय कमी करता येतं, काय बाहेर देता येतं. उरेल तेच वाटायचं. वाटणी शेवटी येते. लोक तिथूनच सुरू करतात, म्हणून अडकतात.

कोपरीचा_काका
ऐरोलीच्या दोन पेमेंटच्या सूचनेत एक खड्डा आहे. पुरवठादारांत नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योग असतील, आणि रबाळे-महापेत ते असतातच, तर लेखी करार नसेल तिथे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. महिन्यात दोनच पेमेंट ठेवली तर पेमेंटच्या दुसऱ्या दिवशी स्वीकारलेला माल पुढच्या पेमेंटपर्यंत १४-१५ दिवसांवर जातो, आणि बिल आठवडाभर अडलं की गेलंच.

ऐरोली_ब्रिज
पण ती रक्कम आयकरात अमान्य होते ती वर्षअखेरीस बाकी असेल तरच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उशीर झाला आणि मार्चआधी दिले तर काय फरक पडतो?

कोपरीचा_काका
आयकराचं तुमचं बरोबर आहे. पण मुदत उलटली की एमएसएमई कायद्याखाली बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं, ते मार्चची वाट बघत नाही. आणि ते व्याज खर्च म्हणूनही वजा मिळत नाही. पुरवठादार मागेल की नाही ही वेगळी गोष्ट. तीन पेमेंट ठेवा: १०, २० आणि महिनाअखेर. सगळीकडे निभावतं.

हिशेबनीस
काकांशी सहमत, तीनच. तर महापे, माझं गणित असं आहे, तुमच्याकडे जसं जमेल तसं बदला.

पेमेंट २० वरून १५. खातेजुळवणी फक्त मोठ्या पंधरा पुरवठादारांची, १६ वरून ५. अहवालात फक्त थकलेली देणी आणि पुढच्या पंधरवड्याची रोकड, १० वरून ३. प्रवासाची बिलं आठवड्याऐवजी पंधरवड्याला, १२ वरून ७. फोन २० वरून १०. हे कसं? पेमेंट झालं की तपशिलाचा ईमेल पुरवठादाराला आपोआप जाईल अशी सोय करा आणि फोनला रोज दुपारी ३ ते ४ अशी वेळ ठरवून टाका. "माझं पेमेंट कधी" एवढंच विचारायला येणारे निम्मे फोन त्या ईमेलनेच थांबतात. १५४ चे ११६ झाले, आणि अजून कोणाला काहीही दिलेलं नाही.

आता बाहेर. सरळ बिलांचे २८ तास, रोख-प्रवासाचे ७ आणि फोन नोंदवून ठेवायचे १० हे अर्धवेळ हंगामी माणसाला. नवख्याला नोंदींना दुप्पट वेळ लागतो हे धरा. २८ चे ५६, ७ चे १४, आणि फोनचे १०, म्हणजे ८०. रोज चार तास, २२ दिवस म्हणजे ८८. बसतं, पण त्याच्यावर याहून काही टाकू नका. पीएफ-ईएसआयचे ६ तास तुमच्या सल्लागाराकडे. पगाराची यादी तुम्ही द्यायची, चलन त्यांनी बनवायचं.

टीमसाठी उरले ६५: अडलेली बिलं २०, पेमेंट १५, २बी १४, टीडीएस ८, खातेजुळवणी ५, अहवाल ३.

महापे_लेखा
आठवड्याची नोंद झाली. त्यावरून महिन्याला रिकामे तास असे निघतात: बँक १४, विक्री २२, स्टोअर १८, ज्युनिअर ३६. एकूण ९०, म्हणजे दोन तृतीयांश ६०. पाच कमी पडतात.

एक गोष्ट नोंदवतो. बँकेचं बघणारी सगळ्यात "मोकळी" दिसायची, कारण तिचं टेबल आवरलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्याकडेच सगळ्यात कमी वेळ निघाला.

तीन_हात_नाका
हे आवडलं. पण महिन्याची बेरीज बघून चालणार नाही, तारखा बघा. टीडीएस ७ ला. जीएसटीआर-१ ११ ला. २बी १४ ला येतं. पीएफ आणि ईएसआय १५ ला. ३बी २० ला. बँकेची जुळवणी महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत. एखाद्याकडे महिन्याला बाराच तास जास्तीचे आले आणि ते सगळे ४ ते ७ मध्ये पडले, तर तो मोडतोच.

एक साधी शीट करा. ए रकान्यात काम, बीमध्ये कोण, सीमध्ये महिन्यातली तारीख नुसत्या आकड्यात, डीमध्ये तास. माणसाची जुनी कामंही त्यातच घाला, नुसती नवी नको. मग कोणत्याही आठवड्याचा भार असा निघतो:

```
=SUMIFS(D:D,B:B,"बँक",C:C,">=1",C:C,"<=7")
```

आठवड्याला ४२ तासांच्या वर आकडा गेला की त्या आठवड्यातलं काहीतरी हलवा. ४० नाही म्हणत, कारण ४० वर थांबलात तर कुठलीच वाटणी जमत नाही. ४५ म्हणाल तर ती सवय होते.

हिशेबनीस
तारखांवरून वाटणी आपोआप सुचते. २बी विक्रीवाल्याला द्या. त्याचं जीएसटीआर-१ ११ ला संपतं, २बी १४ ला येतं, पोर्टल त्याला माहीत आहे. १४ तास, त्याची मर्यादा १५. अडलेल्या बिलांपैकी नगांचे आणि मालपावतीचे घोळ स्टोअरवाल्याला, १२ तास, कारण उत्तर त्याच्याच नोंदीत असतं. टीडीएस ८ तास बँकवालीला, चलन तसंही तीच भरते. मात्र १ ते ५ तिची जुळवणी चालते, म्हणून टीडीएसचं काम दोन तुकड्यांत करा. २५ तारखेपर्यंतच्या बिलांची कपात २६-२७ ला काढून ठेवायची, उरलेली ५-६ ला. पेमेंटची यादी बनवणं १५ तास ज्युनिअरला, आणि अडलेल्यांपैकी दरांचे घोळ ८ तासही त्यालाच. त्याचे २३ होतात, मर्यादा २४. खातेजुळवणी ५ आणि अहवाल ३ तुमच्याकडे.

रबाळे_रिक्षा
पेमेंट बँकवालीला का नाही? ती बँकेचंच बघते ना.

कोपरीचा_काका
म्हणूनच नाही. बँकेत पैसे सोडण्याचं पहिलं बटण तिच्याकडे असेल, तर यादी तिने बनवायची नाही. यादी एकाने, बँकेत चढवणं दुसऱ्याने, मंजुरी तिसऱ्याने. माणूस कमी झाला की सगळ्यात आधी हेच मोडतं, "तीन महिन्यांचाच प्रश्न आहे" म्हणून.

आणि हिशेबनीस, तुमच्याही वाटणीत मला एक काटा दिसतो. ज्युनिअर अडलेली बिलं मोकळी करणार आणि पेमेंटची यादीही तोच करणार. वर्षभर झालेल्या मुलावर हा मोह आणि हा धोका दोन्ही टाकू नका. दरातला फरक खरेदी विभागाने सोडवायचा असतो. ताई इतकी वर्षं स्वतः फोन करून ते मिटवत होत्या म्हणून ते अकाउंट्सचं झालं. ते ८ तास खरेदीकडे परत पाठवा.

हिशेबनीस
तत्त्वाला हरकत नाही. पण खरेदीवाले ती बिलं टेबलावर ठेवून देतील आणि पुरवठादार ओरडेल तो अकाउंट्सच्या नावाने. पाठवायचीच तर खरेदीच्या मॅनेजरशी ठरवून, तीन दिवसांत उत्तर नाही तर बिल परचेस ऑर्डरच्या दराने पास आणि फरकाची डेबिट नोट, असं लेखी हवं. ते मिळत नसेल तर ज्युनिअरने शोधायचं आणि पास तुम्ही करायचं. मला दुसरा मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो.

कोपरीचा_काका
मला नाही वाटत. साहेबाची सही दिवसाला वीस कागदांवर झाली की तो वाचत नाही. असो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार या तीन महिन्यांत फक्त एकाकडे ठेवा आणि तो यादी बनवणारा नसावा. "आमचं खातं बदललं, पुढचं पेमेंट इथे करा" असे बनावट ईमेल येतात, आणि ओळखीचा माणूस रजेवर आहे हे कळलं की त्यांचं फावतं. ताईंच्या ईमेलवर "मी डिसेंबरपर्यंत रजेवर आहे, यांना लिहा" असं सविस्तर आपोआप-उत्तर लावलंत तर तुम्हीच जाहिरात केली. पुरवठादारांना एक सामाईक ईमेल पत्ता द्या. खाते बदलायची विनंती आली की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, ईमेलमधल्या नंबरवर नाही.

महापे_लेखा
हे तत्काळ करतो. एक विचारायचं होतं: ताईंचा टॅलीचा पासवर्ड ज्युनिअरला माहीत आहे. त्याच लॉगिनने काम सुरू करू का? हक्क वगैरे सगळे तयार आहेत.

तीन_हात_नाका
अजिबात नको. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग राहणं बंधनकारक आहे. ताई रजेवर आणि त्यांच्या नावाने ऑक्टोबरभर नोंदी, हे ऑडिटर विचारणारच. शिवाय चूक कोणाची हे कळणार नाही, आणि परत आल्यावर ताईंना त्यांनी न केलेल्या नोंदींची उत्तरं द्यावी लागतील. त्यांचं लॉगिन आजच बंद करा आणि ज्युनिअरला त्याच्या नावाने हवे तेवढेच हक्क द्या.

डिजिटल सहीचंही तेच. ती यूएसबी ताईंच्या नावाची असेल तर ती कपाटात कुलूपबंद. जीएसटी, पीएफ, आयकर या तिन्ही पोर्टलवर ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते आज बघा, २० तारखेला नको. नव्या सहीवाल्याची नोंद करायला कागदपत्रं लागतात, संचालकाची सही लागते, आणि तो माणूस नेमका बाहेरगावी असतो. आजारी माणसाला ओटीपीसाठी फोन करणं हे सगळ्यात वाईट, आणि सगळीकडे हेच चालतं.

विटावा_खाडी
आमच्या डिस्पॅचमध्ये दोनच माणसं आहेत, एक रजेवर. हे सगळं आमच्यासाठी कसं लावायचं?

हिशेबनीस
दोघांत वाटणी होत नाही. एकाचं सगळं दुसऱ्यावर जातं, त्याला वाटणी म्हणायचं असेल तर म्हणा. तिथे दोनच रस्ते: हंगामी माणूस, नाहीतर गाड्या पाठवायच्या वेळा कमी करायच्या. मालकाला तास दाखवा, त्याने निवडावं.

मनुष्यबळ
हिशेबनीस, तुमच्या गणितात एक भाग राहिला. हंगामी माणसाला दुप्पट वेळ धरलात, पण टीमलाही नवं काम शिकायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात दीडपट धरा. ६५ चे ९७ होतात, आणि चौघांचे ६० अधिक महापेंचे ८ मिळून ६८. म्हणजे ऑक्टोबरमध्येच कोसळणार. नेमक्या त्याच महिन्यात ३१ तारखेला टीडीएसचं तिमाही विवरण आहे, जे कोणी मोजलेलंच नाही.

हिशेबनीस
बरोबर, राहिलंच. मग ऑक्टोबर वेगळा करावा लागेल. खातेजुळवणी आणि अहवाल त्या महिन्यापुरते शून्य, ६५ चे ५७. टीडीएस, तिमाही विवरणासकट, आणि २बी ऑक्टोबरपुरतं सीएच्या ऑफिसकडे द्या. हे २२ तास गेले की ३५ उरतात, दीडपट केले तर साडेबावन्न. हे बसतं. बँकवालीने आणि विक्रीवाल्याने त्या महिन्यात सीएचा माणूस काय करतो ते शेजारी बसून बघायचं, नोव्हेंबरपासून स्वतः करायचं. सीए जास्तीचे पैसे घेईल. टीडीएस एक दिवस चुकला तरी काय लागतं हे साहेबांना दाखवा, मंजुरी मिळते.

रबाळे_रिक्षा
एक दिवसाने काय लागतं? दीड टक्का महिन्याला ना, म्हणजे दिवसाचं फुटकळच.

तीन_हात_नाका
दिवसाचं नाही धरत, महिना किंवा महिन्याचा भाग धरतात, आणि तोही कपातीच्या तारखेपासून. २० ऑक्टोबरला कापलेले ३ लाख ७ नोव्हेंबरऐवजी ८ ला भरले, तर ऑक्टोबर एक आणि नोव्हेंबर दोन असे दोन महिने धरून ३ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. शिवाय तिमाही विवरणाला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये वेगळे.

याच्या उलट २बी. तिथे एखादं बिल जुळायचं राहिलं तर त्या महिन्यात तेवढं क्रेडिट घेता येत नाही, रोख भरावं लागतं आणि पुरवठादाराने दाखवलं की पुढे मिळतं. पैसे अडकतात, पण एरवी बुडत नाहीत. म्हणून वेळ कमी पडला तर २बीत फक्त मोठ्या रकमांची बिलं बघा आणि टीडीएस पूर्ण करा. "दोन्ही सारखंच महत्त्वाचं" असं टीमला सांगितलंत तर ते २बीतली शंभर-दोनशे रुपयांची तफावत शोधत बसतील.

महापे_लेखा
हे सगळ्यांना सांगितलं. बँकवाली म्हणाली, "साहेब, टीडीएस घेते, पण मी सहाला निघणार. ठाण्याहून पुढे टिटवाळा गाठायचं असतं." तिला काय सांगू?

ऐरोली_ब्रिज
तीन महिन्यांचा प्रश्न आहे, एखाद-दोन दिवस थांबायला काय जातं? सगळेच थांबतात.

मनुष्यबळ
काय जातं ते तिला माहीत आहे म्हणून ती आधीच सांगते आहे. तास काढलेत तेव्हा ती सहाला निघते हे धरूनच १४ निघाले ना? मग थांबायचा प्रश्नच येत नाही. आला, तर गणित चुकलं आहे, ती नाही. "हो" म्हणून नंतर बिलं घरी नेणाऱ्यापेक्षा हे बरं.

दिवाळीही याच काळात येते. मंजूर रजा रद्द करू नका. शीटमध्ये रजेचे दिवस आधी भरा आणि मग तास बघा. दिवाळीच्या आठवड्यात दोघं नसतील तर त्या आठवड्यातलं पेमेंट दोन दिवस आधी घ्या.

भत्त्याचं काय ठरलं? मला वाटतं जास्तीच्या कामाचा भत्ता महिन्याच्या पगारात दिसायला हवा, वर्षअखेरीच्या मूल्यांकनात "बघू" असं नको.

कोपरीचा_काका
भत्त्याचं मी उलट बघितलं आहे. पैसे सुरू केले की काम कायमचं त्यांच्याकडे चिकटतं आणि ताई परत आल्यावर कोणी सोडत नाही, किंवा भत्ता बंद झाला म्हणून रुसतं. त्यापेक्षा जेवढे तास जास्त, तेवढी बदली रजा जानेवारीत द्या.

मनुष्यबळ
बदली रजा जानेवारीत मिळणार आणि त्याच जानेवारीत तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस विवरण. मिळेल का खरंच? शेवटची तारीख घालून भत्ता द्या, पत्रातच लिहा.

तीन_हात_नाका
ते दोघांनी भांडून ठरवा. महापे, सुरू झाल्यावर काय बघायचं ते सांगतो. "कसं चाललंय" विचारून काही कळत नाही, सगळे "चाललंय" म्हणतात. दर सोमवारी तीन गोष्टी बघा. नोंद न झालेल्या बिलांतलं सगळ्यात जुनं कधीचं आहे. किती बाकी आहेत हा आकडा फसवतो, कारण लोक सोपी बिलं आधी संपवून आकडा खाली आणतात. दुसरं, सस्पेन्स खात्यात किती पडून आहे. वेळ नसला की माणूस नोंद तिथे टाकून पुढे जातो, आणि हे खातं फुगायला लागलं की समजा कोणीतरी बुडतंय. तिसरं, प्रत्येकाचं स्वतःचं जुनं काम. बँकेची जुळवणी नेहमी ५ ला व्हायची ती ८ ला झाली, तर टीडीएसचं काम तिला जड जातंय. सलग दोन महिने असं झालं तर तुकडा काढून घ्या, तिने मागायची वाट बघू नका.

महापे_लेखा
सस्पेन्सचं लक्षात नव्हतं. आता शेवटचं: ताईंना काही विचारायचं असेल तर? काही गोष्टी फक्त त्यांनाच माहीत आहेत. कुठल्या पुरवठादाराचं बिल नेहमी उशिरा येतं, कोणाची अनामत अडकली आहे.

मनुष्यबळ
त्यांना चालणार असेल तरच, आणि फक्त तुम्ही. प्रश्न एका यादीत साठवा, आठवड्यातून एकदा फोन, तोही त्यांनी सांगितलेल्या वेळी. टीममधल्या प्रत्येकाने आपापला प्रश्न व्हॉट्सअॅपवर टाकायला सुरुवात केली तर ती रजा राहत नाही. डॉक्टरांनी विश्रांती लिहिली आहे आणि नोंदींत त्यांनी काम केल्याचं दिसतं, हे कंपनीलाही अडचणीचं.

हिशेबनीस
त्यांच्या डोक्यातलं बरंचसं टॅलीतच सापडतं. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या खरेदीच्या नोंदींचे शेरे वाचा. जाणते लोक शेऱ्यात "फरक डेबिट नोटने वळता", "अनामत कापायची नाही" असं लिहून ठेवतात. ज्युनिअरला अर्धा दिवस त्यावर बसवा, फोन बरेच कमी होतील.

आणि जे थांबवलंत, म्हणजे छोट्या पुरवठादारांची खातेजुळवणी, अहवालाचा बाकी भाग, त्याची यादी तारखेसकट ठेवा. त्यापुढे लिहा: हे साचलेलं ताईंनी करायचं नाही. नाहीतर जानेवारीत त्या परत येतील आणि पहिल्या दिवशी टेबलावर तीन महिन्यांचा ढीग असेल. परत येताना डॉक्टर कमी तास लिहून देऊ शकतात. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त सरळ बिलं आणि पेमेंटची यादी त्यांच्याकडे, टीडीएस फेब्रुवारीपासून.

विटावा_खाडी
आणि रजा वाढली तर?

मनुष्यबळ
म्हणून वाटणी एका वेळी चार आठवड्यांचीच जाहीर करावी, तीन महिन्यांची नको. प्रत्येक दाखला संपायच्या आठवडाभर आधी शीट पुन्हा उघडायची. हंगामी माणसाचा करारही जानेवारीच्या मध्यापर्यंत करा, ३१ डिसेंबरला तोडू नका. ३१ ला जीएसटीआर-९ पण आहे.

महापे_लेखा
जीएसटीआर-९ कोणाच्याच रकान्यात नाही. शीट उघडतो. खरेदीच्या मॅनेजरशी उद्या बोलणं आहे, ते ८ तास कुठे जातात ते कळलं की लिहितो.